महिला दिनाची ऑफर: पार्लरच्या पोस्टमधला उपदेश काढा, दर आणि वेळ लिहा

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापुरातल्या पार्लरवाल्या भगिनींच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला गुलाबी रंग चढायला लागतो. राजारामपुरी असो, लक्ष्मीपुरी असो की कसबा बावडा, मजकूर बहुतेक एकाच साच्यातला. "ती आई आहे, ती बहीण आहे, ती पत्नी आहे. रोज सगळ्यांसाठी झटणाऱ्या तिला एक दिवस स्वतःसाठी हवाच! महिला दिनानिमित्त फेशियलवर २० टक्के सूट." खाली सोनेरी केसांच्या एका बाईचा फोटो, गुलाबाची फुलं आणि मोबाइल नंबर. फेशियल कोणतं, मूळ दर काय, ऑफर किती दिवस, आधी वेळ घ्यावी लागते का, यातलं काहीच नाही.

पोस्ट टाकणारीचा हेतू वाईट नसतो. ती स्वतः सकाळचा डबा करून, मुलांना शाळेत सोडून दुकान उघडणारी बाई असते. तयार डिझाइनच्या अ‍ॅपमधून एक साचा घेतला, नाव बदललं, टाकला. पण वाचणारीला त्यात काहीतरी खटकतं. आपल्याशी कुणी बोलत नाही, आपल्याबद्दल बोलतंय, आणि तेही जरा वरून, असं वाटतं. ती पोस्ट पुढे सरकवते. म्हणजे सूट देऊनही गिऱ्हाईक येत नाही, आणि पार्लरवालीला वाटतं की सूट कमी पडली. पुढच्या वर्षी ती ३० टक्के लिहिते. तोटा तिचाच.

हे लहान दुकानांतच होतं असं नाही. ८ मार्च २०२२ रोजी फ्लिपकार्टनं आपल्या ग्राहकांना महिला दिनाचा मेसेज पाठवला. तुमचा सन्मान साजरा करू या, असा त्याचा सूर होता आणि पुढे ऑफर होती स्वयंपाकघरातल्या उपकरणांची, २९९ रुपयांपासून. सोशल मीडियावर बायकांनी तो मेसेज धरून ठेवला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. आता बघा, मिक्सर विकणं हा गुन्हा नाही. २९९ रुपयांत एखादी वस्तू मिळत असेल तर ती घेणाऱ्या बायकाही होत्या. राग आला तो दोन वाक्यांच्या जोडणीचा. पहिलं वाक्य म्हणालं "तुमचा दिवस", दुसरं म्हणालं "तुमची जागा स्वयंपाकघरात". पार्लरच्या पोस्टमध्येही नेमकं हेच होतं, फक्त मिक्सरच्या जागी फेशियल असतं.

सलूनची कसोटी

पोस्ट लिहून झाली की एक सोपी तपासणी करता येते. तेच वाक्य पुरुषांच्या सलूनच्या दारावर लावून बघायचं. "तो बाप आहे, तो भाऊ आहे, तो पती आहे. रोज सगळ्यांसाठी झटणाऱ्या त्याला एक दिवस स्वतःसाठी हवाच. दाढीवर २० टक्के सूट!" कोल्हापुरातला कुठला कारागीर असा फलक लावेल? त्याच्या भिंतीवर कटिंग इतके, दाढी इतके, रविवारी गर्दी असते, एवढंच असतं. गिऱ्हाईक येतं, बसतं, पैसे देऊन जातं. त्याला कुणी सांगत नाही की तू घरासाठी किती राबतोस, आता थोडे लाड करून घे. १९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो, त्या दिवशीसुद्धा नाही.

जे वाक्य सलूनच्या दारावर हसू आणतं, ते पार्लरच्या पोस्टमधूनही काढून टाकावं. ही कसोटी लावली की बरीचशी गर्दी आपोआप कमी होते. "स्वतःला वेळ द्या", "तुम्हीही सुंदर आहात", "या दिवशी तरी स्वतःकडे बघा" ही सगळी वाक्यं गळतात. यातला "तरी" हा शब्द विशेष बघण्यासारखा आहे. त्या एका शब्दात गृहीत धरलेलं असतं की वाचणारी बाई एरवी स्वतःकडे दुर्लक्ष करते, बिचारी आहे, तिला आठवण करून द्यायला हवी. "सुद्धा", "ही", "तरी", "अखेर" असे शब्द पोस्टमध्ये दिसले की तिथे थांबायचं. दया बहुतेक वेळा अशाच शब्दांतून आत येते.

दयेसारखीच दुसरी अडचण म्हणजे मोठेपणा. कोल्हापूर हे ताराराणींचं गाव. कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणून महिला दिनाला "रणरागिणींनो" अशी हाक घालून हेअर स्पा ४९९ रुपयांत दिला जातो. आपल्या समाजातल्या पोस्टमध्ये सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांचे फोटो येतात आणि त्यांच्या खाली वॅक्सिंगचे दर. शाळेसाठी शेण-दगड झेललेल्या बाईच्या फोटोखाली अंडरआर्म्स ८० रुपये लिहिलेलं वाचताना हसावं की रडावं कळत नाही. आदर दाखवायचा म्हणून लिहिलेलं असतं, पण वाचणारीला ते पोकळ वाटतं, कारण स्तुती आणि दर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ज्यांना या स्त्रियांबद्दल लिहायचं आहे त्यांनी जरूर वेगळी पोस्ट टाकावी, त्यात दर नको.

तिसरा प्रकार सगळ्यात जुना, उणीव दाखवण्याचा. "उन्हानं काळवंडलेला चेहरा", "डागांमुळे लाज वाटते का", "गोरेपणा परत मिळवा". महिला दिनी बाईला आधी तिच्या चेहऱ्यातली खोट सांगायची आणि मग ती दुरुस्त करायला २० टक्के सूट द्यायची, हा सन्मान कसला? इथे नियमही आहेत. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेनं २०१४ साली त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रंगामुळे माणूस कमी ठरतो, लग्नात किंवा नोकरीत मागे पडतो असं जाहिरातीत दाखवू नये, असा त्यांचा आशय आहे. २०२२ मध्ये याच संस्थेनं स्त्री-पुरुषांच्या ठोकळेबाज चित्रणाबद्दलही सूचना आणल्या. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'सारख्या जुन्या क्रीमनं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. एवढी मोठी कंपनी शब्द बदलते आणि आपली गल्लीतली पोस्ट अजून "गोरी त्वचा फक्त ५९९ मध्ये" म्हणते, हे बरं दिसत नाही. "टॅन काढण्याचं क्लीनअप" एवढं लिहिलं तरी काम कळतं. कामाचं नाव लिहायचं, चेहऱ्याचा दोष नाही.

कुणाला हाक मारताय?

आपल्याकडे पार्लरमध्ये येणाऱ्या बायका एका साच्यातल्या नसतात. सीपीआरमध्ये काम करणारी नर्स असते, शाळेतली शिक्षिका असते, घरी शिलाई मशीन चालवणारी असते, कॉलेजची मुलगी असते, सून आणि सासू दोघी एकत्र येणाऱ्याही असतात. "गृहलक्ष्मी", "होममेकर क्वीन" म्हटलं की निम्म्या बाहेर राहतात. "डिअर सुंदरी" म्हटलं की साठीच्या खालाजान मोबाइल सुनेच्या हातात देतात. लिहिताना "तुम्ही" म्हणावं. समोर आल्यावर ताई, भाभी, आपा, खाला जे ओठावर येतं ते येऊ द्या, कारण तिथं ओळख असते, वय दिसतं. पोस्टमध्ये ते नातं जोडायची गरज नसते.

भाषेचीही एक गंमत आहे. कोल्हापूरकडच्या मुली बोलताना सहज "मी येतो", "मी जातो" म्हणतात. आपल्या कित्येक घरांत दखनी बोलली जाते आणि बाहेर कोल्हापुरी मराठी. आणि पोस्ट मात्र "तिच्या अस्तित्वाचा उत्सव" अशा भाषणाच्या मराठीत. त्या भाषेत कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून ती वाचली की समारंभाला बसल्यासारखं होतं. दुकानात फोनवर जसं सांगता तसंच लिहा: "या आठवड्यात फेशियल आणि हाताचं वॅक्सिंग मिळून ७४९. येण्याआधी फोन करा." हे वाक्य कुणालाही कमी लेखत नाही, कारण त्यात गिऱ्हाइकाबद्दल काही मतच मांडलेलं नाही.

एक खास चूक म्हणजे नवऱ्याला उद्देशून लिहिणं. "या महिला दिनी बायकोला खूश करा, गिफ्ट व्हाउचर द्या." व्हाउचर विकायला हरकत नाही. पण महिला दिनाच्या पोस्टमध्ये बाईच बाजूला पडते आणि पैसे देणारा तोच असं गृहीत धरलं जातं. पार्लरच्या गल्ल्यात येणारे पैसे बहुतेक बायका स्वतःच्या पर्समधून देतात, हे पार्लरवालीइतकं कुणाला ठाऊक आहे? व्हाउचर ठेवायचं असेल तर "भेट म्हणूनही देता येईल" एवढं पुरे. ते बहिणीनं बहिणीला दिलं तरी चालतं.

पडदा, फोटो आणि आयब्रो

आपल्या भागातल्या पार्लरसाठी हा मुद्दा मोठा आहे. हिजाब किंवा बुरखा घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी अधूनमधून अशी ओळ दिसते, "बुरख्याआडचं सौंदर्य खुलवा". लिहिणारीला वाटतं आपण त्यांना आवर्जून बोलावतोय. वाचणारीला वाटतं आपल्या कपड्यांवर शेरा मारलाय. तिला खरं तर वेगळीच माहिती हवी असते. आत पुरुष येतात का? दाराला पडदा आहे का, की रस्त्यावरून आरशातलं दिसतं? मालकांचा भाऊ मधेच बिल द्यायला-घ्यायला येतो का? कॅमेरा आहे का आणि असेल तर तो कुठे रोखलेला आहे? या प्रश्नांची उत्तरं पोस्टमध्ये दोन ओळींत दिली तर त्यापेक्षा मोठा सन्मान नाही: "फक्त महिला कर्मचारी. आतल्या खोलीला दार आहे, कॅमेरा फक्त बाहेरच्या काउंटरवर." पण जे खरं असेल तेच लिहायचं. गल्ल्यावर दीर बसत असेल तर तेही सांगा, "बाहेर काउंटरवर पुरुष असतात, सेवा आतल्या खोलीत". ज्यांना चालेल त्या येतील, ज्यांना नाही त्या निदान दारातून परत जाणार नाहीत.

फोटोंचंही तसंच. आधीचा-नंतरचा फोटो टाकायची पद्धत पडली आहे. मेकअप छान झाला की गिऱ्हाईक आरशासमोर असतानाच मुलगी मोबाइल काढते. "टाकू का स्टेटसला?" असं विचारलं तर खुर्चीत बसलेली बाई संकोचानं हो म्हणते आणि रात्री फोन करते, "ते काढा हो, घरच्यांनी बघितलं." ऑफरच्या बदल्यात फोटो, अशी अट तर अजिबात घालू नये. हातावरची मेहंदी, केसांचा मागून घेतलेला कट, स्वच्छ धुतलेलं वॅक्सिंगचं सामान, रिकामी खुर्ची आणि पडदा, असे स्वतःच्या दुकानाचे फोटो पुरतात. सोनेरी केसांच्या परदेशी बाईपेक्षा आपल्या दुकानाचं निळं दार ओळखीचं वाटतं.

आता आयब्रो. कॉम्बो ऑफरमध्ये आयब्रो फुकट ठेवायची सवय असते. पण आपल्यातल्या बऱ्याच भगिनी दीनी कारणानं भुवया कोरत नाहीत. त्यांना "आयब्रो फ्री" म्हणजे काहीच नाही. काही जणी पार्लरमध्ये बसल्यावर सांगतात, मग "अहो फुकट आहे, करून घ्या" असा आग्रह होतो. हा आग्रहसुद्धा वरून बोलणंच आहे. उपाय सोपा आहे, "आयब्रोऐवजी एका हाताची साधी मेहंदी घेता येईल" असं आधीच लिहून ठेवायचं. कारण विचारायचं नाही, मसला सांगायचा नाही. त्याच न्यायानं "हलाल फेशियल" असं मोघम लिहू नये. वापरत असलेल्या उत्पादनाच्या डब्यावर तसं प्रमाणपत्र छापलेलं असेल तर उत्पादनाचं नाव लिहा, नसेल तर तो शब्द सोडा. धार्मिक भावनेचा फायदा घेतला असं एकदा वाटलं की त्या गिऱ्हाईक परत येत नाहीत.

सूट कुणाच्या खिशातून?

८ मार्चचं मूळ कामकरी बायकांच्या लढ्यात आहे. १९१७ साली याच तारखेला पेट्रोग्राडमधल्या कापड गिरण्यांच्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. ही आठवण पोस्टमध्ये लिहायची गरज नाही, पण हिशेब करताना ठेवावी. कारण महिला दिनाच्या ऑफरमध्ये सगळ्यात जास्त वेळ उभी राहणारी बाई म्हणजे पार्लरमधली कामाची मुलगी.

एक हिशेब मांडून बघू. समजा, एका पार्लरमध्ये मालकीण सोडून दोन मुली कामाला आहेत आणि त्यांना कामावर २० टक्के कमिशन मिळतं. फेशियल ७०० रुपये, हातांचं वॅक्सिंग २५०, आयब्रो ५०, असे एकूण १००० रुपये. ऑफरमध्ये हे सगळं ७९९ रुपयांत द्यायचं ठरलं. क्रीम, वॅक्स, पट्ट्या, टॉवेल धुणं धरून सामान २२० रुपयांचं लागतं. कमिशन ७९९ वर धरलं तर मुलीला सुमारे १६० रुपये मिळतात, १००० वर धरलं तर २००. काम तेवढंच, वेळ तेवढाच, आणि तिचे ४० रुपये गेले. पाच दिवसांत चाळीस गिऱ्हाइकं झाली तर दोघींचे मिळून १६०० रुपये जातात. म्हणजे महिला दिनाची भेट एका बाईनं दुसऱ्या बाईच्या पगारातून दिली, आणि पोस्टवर लिहिलं "नारीशक्तीला सलाम".

म्हणून कमिशन मूळ दरावर ठेवायचं. तेव्हा मालकिणीच्या हातात ७९९ मधून २२० आणि २०० वजा जाता ३७९ रुपये उरतात. एरवी ५८० उरले असते. यातूनच भाडं आणि लाइटबिल. हे परवडत नसेल तर ८९९ ठेवा, पण आकडा खरा ठेवा. आधी १२०० लिहून मग ते खोडून ८९९ करणं हा जुना खेळ आहे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला मूळ दर पाठ असतो. २०२२ पासून केंद्र सरकारची फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वंही लागू आहेत. देता येणार नाही अशी ऑफर दाखवून गिऱ्हाईक ओढणं त्यांत बसत नाही. "फक्त ४० जागा" लिहायचं तर त्या खरोखर ४० हव्यात.

त्या ४० येतात कुठून तेही बघा. फेशियल एक तास, वॅक्सिंग वीस-पंचवीस मिनिटं, आयब्रो पाच-दहा मिनिटं, मग खुर्ची पुसणं, चादर बदलणं, हात धुणं. एका गिऱ्हाइकाला पावणेदोन तास लागतात. सकाळी ११ ते संध्याकाळी ६ हे सात तास. एका मुलीचे चार गिऱ्हाईक, दोघींचे आठ. यापेक्षा जास्त घेतले की फेशियलमधला मसाज दहा मिनिटांनी कमी होतो, वॅक्सची पट्टी घाईत ओढली जाते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ऑफर आहे म्हणून उरकलं." दुपारचं जेवण मालकिणीनं आलटून-पालटून गिऱ्हाईक सांभाळून बसवायचं.

तारीख ८ मार्चच हवी का?

२०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी ८ मार्च रमजानमध्ये आला. २०२७ मध्ये तर चंद्रदर्शनानुसार ईद १० मार्चच्या आसपास येईल आणि ८ मार्च सोमवारी आहे. म्हणजे महिला दिन बरोबर चाँदरातीच्या गर्दीत. त्या दिवशी मेहंदीसाठी पायरीपर्यंत रांग असते, तेव्हा सूट देणं म्हणजे आपणच आपलं नुकसान करणं. शिवाय फेशियल किंवा ब्लीच ईदच्या आदल्या दिवशी करू नये, हे प्रत्येक अनुभवी पार्लरवाली सांगते, कारण लाली, पुरळ आलं तर बसायला वेळ मिळत नाही. आठवडाभर आधी केलेलं बरं. वॅक्सिंगही आठवड्यापूर्वी केलं तर ईदला हात स्वच्छ राहतात.

मग ऑफर १ ते ५ मार्च, सोमवार ते शुक्रवार ठेवता येते. मार्चच्या सुरुवातीला कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. सहाला दुकान बंद केलं तर मुली आणि गिऱ्हाईक दोघीही इफ्तारीला घरी पोहोचतात. ज्यांचा रोजा नाही त्यांनाही ही वेळ चालते. पोस्टमध्ये रोजाबद्दल काही बोलायचं नाही, वेळ अशी ठेवायची की बोलावं लागत नाही.

हे सगळं धरून पोस्ट लिहिली तर ती अशी दिसेल:

> महिला दिनाची ऑफर, यंदा ईदच्या गर्दीआधी
> सोमवार १ ते शुक्रवार ५ मार्च, सकाळी ११ ते संध्याकाळी ६
> फेशियल + हातांचं वॅक्सिंग + आयब्रो: ७९९ रुपये (एरवी १०००)
> आयब्रो नको असेल तर एका हाताची साधी मेहंदी
> साधारण दीड तास लागतो. रोज ८ जागा, वेळ आधी ठरवा.
> फक्त महिला कर्मचारी. सेवेच्या खोलीत कॅमेरा नाही.
> फेशियलचं क्रीम पहिल्यांदाच लावणार असाल तर आदल्या दिवशी येऊन कानामागे लावून बघा, पैसे नाहीत.
> ६ मार्चपासून ईदपर्यंत नेहमीचे दर. मेहंदीचं बुकिंग सुरू आहे.

यात "महिला दिन" एकदाच आला आहे आणि तो कारण म्हणून आला आहे, प्रवचन म्हणून नाही. "शुभेच्छा" लिहायच्याच असतील तर शेवटी दोन शब्द लिहा, कुणाची ना नाही.

पाठवण्याबद्दल थोडं. स्टेटस २४ तासांत जातं, त्यामुळे ऑफर पाच दिवसांची असेल तर रोज टाकावं लागतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणी बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून बिल देताना "नंबर सेव्ह करा" म्हणायची सवय लावा. मजकूर फोटोत कोंबू नका. फोटोतली बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि बहिणीला पाठवायची तर वेळ आणि दर पुन्हा टाइप करावे लागतात. फोटो वेगळा, मजकूर खाली.

पोस्ट जमली की नाही हे लाइक्सवरून कळत नाही. लाइक नातेवाईक देतात. पहिल्या दिवशी आलेले दहा मेसेज वाचा. "किती पैसे?", "कधीपर्यंत?", "जेंट्स असतात का?" असे प्रश्न येत असतील तर पोस्टमध्ये ती माहिती नाही किंवा दिसत नाही, लगेच दुरुस्त करून पुन्हा टाका. "मंगळवारी ३ वाजता चालेल का?" असं विचारलं जात असेल तर पोस्टनं काम केलं. आणि "माझ्या सासूबाईंना पण आणू का, त्यांना फक्त पायाचं करायचंय" असं कुणी विचारलं तर सुटे दरही हाताशी ठेवा. पेडिक्युअर कॉम्बोत नाही म्हणून परत पाठवू नका.